नऊ लिंकांचा मेल तीन लिंकांवर आणताना

अडीच वर्षांचा अनुभव असलेली एक फुल-स्टॅक डेव्हलपर. मूळची सांगली जिल्ह्यातली, सध्या पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत. एका प्रॉडक्ट कंपनीच्या टॅलेंट टीममधून तिला फोन आला. अनुभव, नोटीस पीरियड, ठिकाण हे नेहमीचं बोलणं झालं आणि फोन ठेवताना रिक्रूटरबाई म्हणाल्या, "तुमचा पोर्टफोलिओ आणि थोडा कोड मेल करा, मी हायरिंग मॅनेजरकडे पाठवते."

ही डेव्हलपर माझ्या धाकट्या बहिणीची रूममेट. मी बरीच वर्षं डेव्हलपरच्या मुलाखती घेते, हे तिला माहीत होतं. म्हणून संध्याकाळी तिने मेलचा मसुदा मला दाखवला. पुढे जे झालं ते तिच्या परवानगीने इथे मांडते आहे. प्रोजेक्टचं नाव आणि पत्ते बदलले आहेत. मेल मुळात इंग्रजीत होते, इथे मराठीत दिले आहेत.

## पहिला मसुदा

विषयाच्या जागी एवढंच होतं: "नोकरीसंदर्भात". खाली एक लांबलचक परिच्छेद. मला प्रोग्रॅमिंगची आवड आहे, मी झटपट शिकते, तुमच्या कंपनीबद्दल खूप ऐकलं आहे, संधी मिळाल्यास सोनं करीन. त्यानंतर "माझं काम पाहण्यासाठी खालील लिंक पाहाव्यात" आणि एकाखाली एक नऊ लिंक. गिटहब प्रोफाइल, दूध संकलनाच्या हिशोबाचं ॲप, त्याचा डेमो, रिॲक्टमधली टू-डू लिस्ट, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची झिप, पोर्टफोलिओची वेबसाइट, कोडिंग स्पर्धांचं प्रोफाइल, लिंक्डइन आणि शेवटी ऑफिसच्या प्रोजेक्टच्या स्क्रीनशॉटचं फोल्डर. यातल्या अर्ध्या लिंक "इथे क्लिक करा" या शब्दांमागे लपवलेल्या होत्या.

तिचं म्हणणं साधं होतं. "ताई, त्यांना काय आवडेल ते मला कुठे माहीत? म्हणून सगळंच देते."

मी तिला विचारलं की हा मेल कोण वाचणार? ती म्हणाली, रिक्रूटर. उत्तर बरोबर होतं, पण अर्धंच. रिक्रूटर मेल वाचते, कोड वाचत नाही. तिच्याकडे एकाच वेळी अनेक जागा आणि प्रत्येक जागेसाठी पुष्कळ उमेदवार असतात. ती मेल उघडते, मागितलेलं आलंय का ते बघते आणि मग दोहोंपैकी एक करते. एक तर मेल जसाच्या तसा हायरिंग मॅनेजरला फॉरवर्ड करते, नाहीतर त्यातला मजकूर उचलून कंपनीच्या भरती प्रणालीत उमेदवाराच्या नावापुढे चिकटवते. म्हणजे मेलचा खरा वाचक दुसराच माणूस असतो. त्याने तुमचा आवाज ऐकलेला नसतो, फोनवर काय ठरलं ते त्याला ठाऊक नसतं आणि तो दोन मीटिंगच्या मधल्या वेळात, बहुतेकदा फोनवरच, हे बघत असतो.

हे एकदा लक्षात आलं की "इथे क्लिक करा" का चालत नाही ते सांगावं लागत नाही. मजकूर साध्या टेक्स्टच्या चौकटीत चिकटवला की शब्दामागची लिंक गळून पडते आणि मॅनेजरच्या हाती नुसते "इथे क्लिक करा" हे शब्द उरतात. पूर्ण पत्ता डोळ्यांना दिसेल असा लिहिला तर तो चॅटवर पाठवा, भरती प्रणालीत टाका, कुठेही टिकतो. लिंक छोटी करून देणाऱ्या सेवाही टाळाव्यात. पत्ता लपलेला असला की मेलच्या स्पॅम गाळण्या संशयाने बघतात आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर बसलेला माणूसही. `github.com` ने सुरू होणारा पत्ता पाहिल्यावर कुठे जाणार आहोत ते क्लिक करण्याआधीच कळतं.

## परक्या माणसाच्या डोळ्यांनी

मसुद्यातल्या शब्दांना हात लावण्याआधी मी तिला सगळ्या लिंक इन्कॉग्निटो खिडकीत उघडायला लावल्या. आपल्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये आपण सगळीकडे लॉगिन केलेले असतो. तिथे सगळं उघडतं, आणि त्यावरून समोरच्याला काय दिसेल याचा काहीच अंदाज येत नाही. त्यानंतर फोनवर, वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर पुन्हा एकदा.

दूध संकलनाच्या ॲपची रेपॉझिटरी, म्हणजे तिचं सगळ्यात चांगलं काम, ४०४ दाखवत होती. ती प्रायव्हेट होती. गिटहब अशा वेळी "तुम्हाला परवानगी नाही" असं सांगत नाही, पान सापडलं नाही असंच सांगतं. प्रायव्हेट रेपॉझिटरी अस्तित्वात आहे हेसुद्धा परक्याला कळू नये म्हणून. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं की मुलीने पत्ताच चुकीचा दिला. तो परत विचारायला येत नाही, पुढच्या उमेदवाराकडे जातो.

पोर्टफोलिओच्या वेबसाइटने लॉगिन मागितलं. तिने व्हर्सेलवरच्या प्रिव्ह्यूचा पत्ता कॉपी केला होता. तिथे प्रत्येक बदलासाठी वेगळा प्रिव्ह्यू पत्ता तयार होतो आणि नव्या प्रोजेक्टमध्ये तो सहसा संरक्षित असतो, फक्त टीममधल्यांना दिसतो. सगळ्यांसाठी असतो तो प्रॉडक्शनचा पत्ता, ज्याच्यामध्ये अक्षरांचं ते लांबलचक शेपूट नसतं.

झिपचं पान गुगल ड्राइव्हचं होतं आणि "परवानगी मागा" म्हणत होतं. ती म्हणाली, मग झिप मेललाच जोडते. तेही झालं नसतं. जीमेल `.js` फाइली झिपच्या आत असल्या तरी अडवतं, आणि जावास्क्रिप्टच्या प्रोजेक्टमध्ये दुसरं असतं तरी काय. तसंही, अनोळखी झिप ऑफिसच्या मशीनवर उघडायला कोणी धजावत नाही.

डेमो उघडला, पण पांढरं पान बराच वेळ तसंच राहिलं आणि मग लॉगिनचा फॉर्म आला. युजरनेम-पासवर्ड कुठेच दिलेला नव्हता. पांढऱ्या पानाचं कारण फुकट होस्टिंग. रेंडरसारख्या सेवेच्या फुकट योजनेत १५ मिनिटं कोणी आलं नाही की सर्व्हर थांबवला जातो आणि पुढच्या माणसाला तो पुन्हा उभा राहीपर्यंत सुमारे एक मिनिट वाट पाहावी लागते. मॅनेजर एवढं थांबत नाही, साइट बंद आहे असं समजतो. (जुन्या रेझ्युमेंवर अजूनही हेरोकूच्या फुकट डेमोंच्या लिंक दिसतात. ती फुकट योजना २८ नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाली. म्हणजे ती लिंक तेव्हापासून उमेदवाराने स्वतः एकदाही उघडलेली नाही, एवढंच त्यातून दिसतं.)

नऊपैकी चार लिंक परक्या माणसाला उपयोगाच्या नव्हत्या, आणि त्या चारांमध्ये तिचं सगळ्यात भक्कम काम अडकलं होतं. जे धड उघडत होतं त्यात ती टू-डू लिस्ट होती, जी अक्षरशः एका व्हिडिओ शिकवणीवरून उतरवलेली होती.

## सार्वजनिक करण्याआधी

तिने तिथल्या तिथे रेपॉझिटरी पब्लिक करायला घेतली. मी थांबवलं, कारण ॲप कशाचं आहे ते तिने मघाशीच सांगितलं होतं. तिच्या वडिलांच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतात, प्रत्येकाच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन घटक, मोजलं जातं, त्यावरून दरपत्रकातून दर निघतो आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. तिने हा सगळा हिशोब ॲपमध्ये आणला होता. मग डेमोमध्ये दिसणारी नावं कुणाची?

गावातल्या माणसांची. `seed/farmers.csv` या फाइलमध्ये खरी नावं, मोबाइल नंबर आणि बँक खात्यांचे नंबर होते. चाचणीसाठी केंद्रातल्या वहीवरूनच भरले होते. नोकरीच्या मेलमधून गावकऱ्यांची बँक खाती उघड्यावर आली असती.

फाइल काढून नवा कमिट केला की झालं, असं तिला वाटत होतं. पण गिट जुनं सगळं इतिहासात सांभाळून ठेवतं. फाइल कधीकाळी आत होती का ते बघायला एवढं पुरतं:

```
git log --all --full-history --oneline --name-only -- seed/farmers.csv .env
```

या कमांडने एक जरी ओळ छापली तरी ती फाइल इतिहासात आहे आणि पब्लिक केल्यावर कोणीही जुन्या कमिटवर जाऊन वाचू शकतो. तिच्याकडे पाच-सहा ओळी आल्या. त्यांपैकी दोन `.env` च्या होत्या, ज्यात एसएमएस पाठवणाऱ्या सेवेची किल्ली होती. किल्ली आधी त्या सेवेच्या पानावर जाऊन रद्द केली आणि नवी काढली. इतिहास साफ करणं हा त्यानंतरचा भाग, कारण किल्ली एकदा बाहेर गेली असेल तर इतिहास पुसून ती परत येत नाही. मग `git filter-repo` वापरून दोन्ही फाइली इतिहासातून काढल्या, गिटहबवरची जुनी रेपॉझिटरी डिलीट केली आणि साफ केलेली प्रत नव्या रेपॉझिटरीत ढकलली. जुन्याच रेपॉझिटरीवर जबरदस्तीने पुश केलं असतं तर जुने कमिट त्यांच्या हॅशच्या पत्त्यावर काही काळ सापडत राहिले असते. तिच्या रेपॉझिटरीला ना फोर्क होते ना स्टार, त्यामुळे नवी काढण्यात काही गमावण्यासारखं नव्हतं. कमिटचा बाकीचा इतिहास टिकला, आणि तो टिकायला हवाच होता: काम टप्प्याटप्प्याने कसं वाढलं ते त्यातूनच दिसतं.

नव्या डेमोसाठी तिने बनावट नावांची यादी केली. खाते नंबरच्या रकान्यात नुसती शून्यं.

## काय ठेवायचं

आता नऊतून काय उरतं? लिंक्डइन आणि गिटहब प्रोफाइल रेझ्युमेवर आहेतच. स्पर्धांचं प्रोफाइल या जागेसाठी कोणी मागितलं नव्हतं. टू-डू लिस्ट गेली. पोर्टफोलिओच्या साइटवर तिचं नाव हलतं-डुलतं येत होतं आणि खाली "जावास्क्रिप्ट ९० टक्के, सीएसएस ८५ टक्के" अशा पट्ट्या होत्या. त्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, तीही गेली. हे तिला जरा लागलं, दोन शनिवार-रविवार घालवले होते त्यात. पण रिक्रूटर "पोर्टफोलिओ" म्हणते तेव्हा तिला वेबसाइटच हवी असते असं नाही. डिझायनर असेल तर साइट किंवा फिग्माचा प्रोटोटाइप पाहिजेच. बॅकएंड किंवा फुल-स्टॅकच्या जागेसाठी उघडून बघता येईल असं काम पुरतं.

ऑफिसच्या स्क्रीनशॉटचं फोल्डर मात्र मी सांगेपर्यंत तिला धोक्याचं वाटलं नव्हतं. "कोड थोडीच आहे ताई, फक्त स्क्रीन आहेत." त्या स्क्रीनवर क्लायंटचा लोगो होता आणि त्यांच्या अंतर्गत डॅशबोर्डवरचे आकडे. नोकरीच्या करारात गोपनीयतेचं कलम जवळपास सगळ्याच कंपन्यांत असतं, आणि ते कोडपुरतं नसतं. शिवाय हायरिंग मॅनेजर हा विचार करतोच: आज त्यांचं दाखवते आहे, उद्या आमचं दाखवेल. अडीच वर्षांचं काम असं हातातून जातं म्हणून तिला वाईट वाटणं साहजिक होतं. पण त्यासाठी मेलमध्ये एक सरळ वाक्य पुरतं, ते पुढे दिलं आहे.

मग मी विचारलं, "दुसऱ्यांच्या कोडमध्ये कधी काही बदल केलायस, ऑफिसबाहेर?" तेव्हा कळलं की तारखा हाताळणाऱ्या एका ओपन सोर्स लायब्ररीतली एक चूक तिने दुरुस्त केली होती. बदल जेमतेम वीस ओळींचा, पण लायब्ररी सांभाळणाऱ्याने दोन सूचना केल्या होत्या, तिने एकीवर हुज्जत न घालता बदल केला होता आणि दुसरी का पटत नाही ते उदाहरण देऊन सांगितलं होतं, जे त्याने मान्य केलं. ही लिंक तिने नऊमध्ये घेतलीच नव्हती, "एवढंसं तर आहे" म्हणून. मुलाखत घेणाऱ्याच्या दृष्टीने मला ती सगळ्यात मोलाची वाटली. कंपनीतला कोड दाखवता येत नाही तेव्हा उमेदवार इतरांबरोबर कसं काम करतो हे कळायला दुसरा मार्ग जवळपास नसतो.

उरलं दूध संकलनाचं ॲप आणि हा पुल रिक्वेस्ट. ॲपच्या रेपॉझिटरीत चाळीसेक फाइली होत्या आणि वाचणारा त्या उघडणार नाही. म्हणून कुठली एक फाइल दाखवायची ते ठरवायचं होतं. तिने आधी लॉगिनची फाइल सुचवली, कारण ती "नीटनेटकी" होती. पण लॉगिन सगळ्यांचं सारखंच असतं. मी म्हटलं, "तुला सगळ्यात जास्त डोकं कुठे खपवावं लागलं?" ती लगेच म्हणाली, दर बदलतो तिथे.

गाईच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया धरून ठरतो आणि त्यापुढे दशांशा-दशांशाने कमी-जास्त होतो. दूध संघाने नवं दरपत्रक काढलं की ते अमुक तारखेच्या अमुक पाळीपासून लागू होतं, आणि ती तारीख बरेचदा दहा दिवसांच्या बिलाच्या मधेच येते. म्हणजे एकाच बिलात पहिल्या काही पाळ्या जुन्या दराने आणि पुढच्या नव्या दराने. तिने प्रत्येक दरपत्रकाला लागू होण्याची तारीख आणि पाळी जोडली होती, नोंदीच्या वेळेवरून योग्य पत्रक निवडलं होतं आणि रक्कम रुपयांच्या दशांशात न ठेवता पूर्ण पैशांत ठेवली होती, बेरजेत चुकार पैसे राहू नयेत म्हणून. सगळं `src/billing/rateChart.ts` या फाइलमध्ये, शेजारी चाचण्यांची फाइल. फोनवरसुद्धा पाच मिनिटांत वाचून होते.

गिटहबवर फाइल उघडून `y` दाबलं की त्या क्षणाच्या कमिटची कायमची लिंक मिळते. नंतर फाइल बदलली तरी ती जुनंच दाखवते, त्यामुळे सहकाऱ्यांशी बोलताना ती उत्तम. पण तिच्यात चाळीस अक्षरांचा हॅश येतो आणि साध्या टेक्स्टमध्ये ती दोन ओळींत मोडू शकते. मेलसाठी आम्ही `main` वरची साधी लिंक घेतली.

डेमोला तिने दीड-दोन मिनिटांचा स्क्रीनचा व्हिडिओ जोडला: एक शेतकरी, एक पाळी, दरपत्रक बदलणं आणि बिल. यूट्यूबवर "अनलिस्टेड" ठेवला, "प्रायव्हेट" नाही. प्रायव्हेट व्हिडिओ लिंक असूनही परक्याला दिसत नाही. व्हिडिओचा फायदा असा की सर्व्हर झोपलेला असो वा नसो, तो चालतो. काही कंपन्यांच्या नेटवर्कवर फुकट होस्टिंगचे पत्ते सरसकट अडवलेले असतात, तिथे मॅनेजर आपल्या फोनवर तरी बघू शकतो. त्यातलेच दोन स्क्रीनशॉट तिने रीडमीच्या वरच्या भागात टाकले आणि ॲप कशाचं आहे ते चार ओळींत लिहिलं. तिथे आधी फ्रेमवर्कने आपोआप भरलेला मजकूर होता.

## गेलेला मेल

रिक्रूटरबाईंनी फोननंतर जागेची माहिती पाठवली होती. उत्तर त्याच मेलला दिलं, म्हणजे त्यांचा आधीचा मजकूर खाली राहील आणि त्यांना कोण, कुठली जागा हे शोधायला लागू नये. विषय तेवढा बदलून घेतला.

> विषय: फुल-स्टॅक डेव्हलपर, पुणे | (पूर्ण नाव) | डेमो आणि कोड
>
> नमस्कार,
>
> फोनवर बोलल्याप्रमाणे माझ्या कामाच्या लिंक पाठवत आहे. तिन्ही लॉगिनशिवाय उघडतात.
>
> १. डेमो: दूध संकलन केंद्राचा हिशोब, २ मिनिटांचा व्हिडिओ
> `https://youtu.be/…`
> गावातल्या केंद्रासाठी केलेलं ॲप. टाइपस्क्रिप्ट, नोड, पोस्टग्रेस. आराखड्यापासून सगळं काम माझं.
>
> २. कोड
> `https://github.com/…/dudh-hishob/blob/main/src/billing/rateChart.ts`
> वेळ कमी असेल तर ही एकच फाइल पाहावी. बिलाच्या मधेच दर बदलला तरी प्रत्येक नोंदीला योग्य दर कसा लागतो ते इथे आहे. ॲप चालवून पाहायचा पत्ता आणि पासवर्ड रीडमीमध्ये आहे.
>
> ३. इतरांसोबतचं काम: ओपन सोर्स लायब्ररीतली दुरुस्ती
> `https://github.com/…/pull/…`
> सूचनांवरची चर्चा आणि त्यानंतरचे बदलही दिसतील.
>
> सध्याच्या कंपनीतला कोड गोपनीय असल्याने पाठवता येत नाही. त्या कामातली माझी जबाबदारी मुलाखतीत सांगू शकेन.
>
> अनुभव २ वर्षं ६ महिने, नोटीस ६० दिवस, सध्या पुण्यात. रेझ्युमेची पीडीएफ जोडली आहे.
>
> (नाव, मोबाइल)

यातल्या एकेका गोष्टीमागे कारण आहे. विषयात जागा आणि नाव, कारण मेल फॉरवर्ड झाल्यावर मॅनेजरला यादीत तेवढंच दिसतं. प्रत्येक लिंकच्या आधी ती काय आहे आणि नंतर तिथे काय बघायचं ते, कारण नुसता पत्ता दिला तर शोधण्याचं काम वाचणाऱ्यावर पडतं. "सगळं काम माझं" हे शब्द मी आग्रहाने घालायला लावले. गटाचं काम असेल तर त्यातला आपला वाटा तितक्याच स्पष्टपणे लिहावा. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुतेक तोच येतो, आणि मेलमध्ये वाढवून लिहिलेलं तिथे एका मिनिटात उघडं पडतं.

एक गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली. रिक्रूटरने सध्याचा पगार आणि अपेक्षित पगारही विचारला होता, पुण्यात तो सगळेच विचारतात. तिला वाटत होतं की एकाच मेलमध्ये उरकावं. पण हा मेल पुढे जाणार होता. हायरिंग मॅनेजरला, त्याच्या टीममधल्या कोणाला, कदाचित उद्याच्या सहकाऱ्याला. पगाराचं उत्तर तिने वेगळ्या, दोन ओळींच्या मेलमध्ये फक्त रिक्रूटरला दिलं.

पाठवण्याआधी तिने तो स्वतःच्या दुसऱ्या मेलवर पाठवला आणि तिथून बहिणीच्या फोनवर फॉरवर्ड केला. बहिणीने तिन्ही लिंक दाबल्या. दुसरी उघडली नाही. कॉपी करताना शेवटी पूर्णविराम चिकटला होता आणि तो पत्त्याचाच भाग झाला होता. म्हणून लिंक स्वतंत्र ओळीवर, पुढे-मागे काहीही नसलेली. मग सकाळी पाठवला.

## पुढे

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी मुलाखतीचं आमंत्रण आलं आणि त्याच्या खाली सगळी साखळी तशीच जोडलेली होती. रिक्रूटरने मेलवर "प्रोफाइल पाहावं" एवढंच लिहून मॅनेजरला पाठवला होता. मॅनेजरने तो टीममधल्या एका सीनियरला पाठवताना लिहिलं होतं: "दुसरी लिंक बघ, दर बदलण्याचं लॉजिक ठीक वाटतंय, यावरच बोलू." ॲप त्यांच्यापैकी कोणी चालवून पाहिलं की नाही, कळायला मार्ग नाही.

मुलाखतीत त्या सीनियरने याच फाइलवर अर्धा तास घेतला. केंद्रावर नेट नसलं तर नोंद फोनमध्ये राहते आणि नंतर सर्व्हरवर जाते. मग दर निवडताना वेळ कुठली धरतेस, दूध घातल्याची की नोंद पोहोचल्याची? तिने दूध घातल्याची धरली होती. मग तो म्हणाला, आणि फोनचं घड्याळच चुकलेलं असेल तर? हे तिने धरलं नव्हतं. तिने तिथेच सांगितलं की पाळी माणसाने निवडलेली असते, तिच्याशी वेळ ताडून बघता येईल आणि जुळलं नाही तर नोंद अडवून केंद्रचालकाला विचारता येईल. तिला पुढच्या फेरीला बोलावलं.

पुढची फेरीही झाली, आणि मग ती जागाच त्या तिमाहीपुरती थांबवण्यात आली. मेल कितीही नेटका असला तरी हे त्याच्या हातात नसतं. साधारण दोन महिन्यांनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या टीमसाठी रिक्रूटरबाईंनी तोच जुना मेल वर काढला आणि तिला कळवून नव्या मॅनेजरकडे पाठवला.

ती त्या दिवशी घाईने मला फोन करत होती, कारण मधल्या काळात रीडमीतला डेमो बंद पडला होता. रेंडरवर फुकट पोस्टग्रेस डेटाबेस ३० दिवसांनी संपतो, हे तिने वाचलं नव्हतं. मेलमधल्या तिन्ही लिंक मात्र चालू होत्या. व्हिडिओ यूट्यूबवर होता आणि कोड जागच्या जागी होता. गिटहबचं युजरनेम बदलायचा विचार तिने मधे केला होता, तो मी तेव्हाच हाणून पाडला होता. युजरनेम बदललं तर रेपॉझिटरीच्या जुन्या लिंक गिटहब नव्या जागी वळवतं, पण जुन्या प्रोफाइलचा पत्ता ४०४ होतो, आणि तिच्या रेझ्युमेवर तोच छापलेला होता.

डेमोसाठी तिने त्या रात्री वेगळा मार्ग काढला. पोस्टग्रेसऐवजी डेमोपुरती एसक्यूलाइटची फाइल, आणि सर्व्हर सुरू होताना बनावट शेतकऱ्यांच्या यादीतून ती नव्याने भरायची. फुकट योजनेत सर्व्हर पुन्हा उभा राहिला की डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. इथे तेच सोयीचं पडलं: कोणी डेमोत काहीबाही भरून गेलं तरी पुढच्या माणसाला स्वच्छ हिशोब दिसतो. खरं ॲप गावात पोस्टग्रेसवरच चालू आहे. रीडमीत तिने एक ओळ वाढवली: "डेमो पहिल्यांदा उघडायला मिनिटभर लागू शकतं, डेटा बनावट आहे."

नव्या मॅनेजरबरोबरची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. फोनच्या घड्याळाची दुरुस्ती `rateChart.ts` मध्ये चाचण्यांसकट झाली आहे, आणि मेलमधली लिंक `main` वरची असल्याने जुन्या मेलमधूनच ती दिसते.